एकतीस इंग्रजी मेलांचा अण्णांसाठी एक मराठी निरोप

आमचा काजूचा छोटा कारखाना वेंगुर्ल्याजवळ आहे आणि भागीदार दोघं. बी खरेदीपासून गर सोलण्या-निवडण्यापर्यंतचं सगळं अण्णा बघतात. मेल, बँक आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. अण्णांना बी हातात घेतल्यावर गर किती पडेल ते कळतं, पण इंग्रजी वाचता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक व्यवहाराचं त्यांना जे कळतं, ते मी व्हॉट्सॲपवर मराठीत लिहितो तेवढंच.

मी काय गाळलं ते त्यांना कधीच दिसत नाही. आणि भागीदारी कायद्याने, म्हणजे 1932 च्या, धंद्याच्या नेहमीच्या कामात एका भागीदाराने दिलेला शब्द दुसऱ्यावरही बंधनकारक असतो. मी मेलमध्ये ‘अग्रीड’ लिहिलं की अण्णाही त्यात आले, त्यांनी ते वाचलेलं असो वा नसो. म्हणून हा निरोप मी जमाखर्चाच्या वहीइतकाच जपून लिहितो. आधी तसं नव्हतं. मागे एकदा मी घाईत ‘शिपमेंट 20 तारखेपर्यंत’ एवढंच लिहिलं. अण्णांनी वेंगुर्ल्याहून गाडी 20 तारखेला सोडली. गिऱ्हाइकाच्या लेखी शिपमेंट म्हणजे न्हावा शेवाला माल जहाजात चढल्याची तारीख. जहाज गेलं, माल पुढच्या जहाजाची वाट बघत गोदामात पडला आणि त्याचं भाडं आम्ही भरलं. चूक अण्णांची नव्हती. मी इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहिला आणि त्याला भाषांतर समजलो.

खाली एक पूर्ण प्रकरण घेतो. गिऱ्हाईक आणि आकडे बदललेत, तारखा 2026 च्या पंचांगाप्रमाणे धरल्यात. त्या वर्षी गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, आणि कोकणातल्या कुठल्याही व्यवहारात ही तारीख आधी बघायची असते.

प्रकरण असं

न्यू जर्सीतला एक किराणा घाऊक व्यापारी 320 नंबरचा काजूगर मागतोय. 320 नंबर म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर. माल 150 खोकी, एका खोक्यात 25 पौंडांचे दोन डबे. ऑगस्टच्या 1 ते 12 तारखेत एकतीस मेल झाले. लिहिणारे चौघं: खरेदी बघणाऱ्या बाई, त्यांचा अकाउंटवाला, माल जहाजापर्यंत पोचवायची व्यवस्था बघणारा मुंबईचा फॉरवर्डर आणि मी. शेवटच्या मेलमध्ये बाई म्हणतात, शुक्रवारी दिवस संपेपर्यंत पक्कं कळवा. आज बुधवार, 12 ऑगस्ट.

आधी सगळा धागा एका कागदावर

पहिली चूक इथे होते. शेवटचा मेल उघडायचा, खाली चिकटलेलं जुनं वाचत जायचं, आणि सगळं वाचलं असं समजायचं. पण चौघं लिहीत असले की कुणीतरी मधल्याच एखाद्या मेलला उत्तर देतं आणि तिथून फांदी फुटते. शेवटच्या मेलखाली फक्त एका फांदीचा इतिहास असतो. शिवाय कुणी विषय बदलला तर जीमेल तो मेल वेगळ्या धाग्यात टाकतं. आमच्या प्रकरणात अकाउंटवाल्याने नेमकं हेच केलं होतं. ‘पेमेंट टर्म्स, रिव्हाइज्ड’ असा नवा विषय घालून त्याने पाठवलेला मेल मूळ धाग्यात नव्हताच. म्हणून मी आधी त्या कंपनीच्या पत्त्यावरून महिन्याभरात आलेलं सगळं शोधतो. जीमेलच्या शोधपट्टीत असं लिहायचं, पत्त्याच्या जागी त्यांचं डोमेन:

```
from:buyer.example after:2026/07/11
```

हेच पुन्हा `has:attachment` जोडून शोधायचं, म्हणजे जोडपत्रं वेगळी दिसतात. लोक मेलमध्ये ‘ॲज पर अटॅच्ड’ लिहून मोकळे होतात आणि खरी अट पीडीएफच्या दुसऱ्या पानावर असते.

मग संगणकावर धागा उघडून वरच्या कोपऱ्यातल्या प्रिंटरच्या चिन्हाने सगळा धागा एकत्र छापायचा, किंवा पीडीएफ करायचा. मेल जुन्यापासून नव्याकडे येतात. वाचायचेही त्याच क्रमाने, आणि प्रत्येक मेलला पेन्सिलीने नंबर घालायचा. हा नंबर पुढे फार उपयोगी पडतो.

एक सांभाळायचं. काही जण उत्तर वर लिहीत नाहीत, आपल्याच जुन्या मजकुराच्या ओळींमध्ये रंग बदलून लिहितात. वर फक्त ‘प्लीज सी बिलो’ असतं. जीमेलमध्ये खालचा मजकूर तीन ठिपक्यांच्या आड झाकलेला असतो, तेव्हा मेल एका ओळीचा वाटतो. बाईंचा सोळावा मेल असाच होता. ठिपके उघडले तर आत चार उत्तरं, त्यातलं एक पॅकिंगचं. काळ्यापांढऱ्या प्रिंटवर रंग कळत नाही, म्हणून असे मेल पडद्यावरच वाचलेले बरे.

मेल नव्हे, मुद्दे मोजायचे

नवखा माणूस मेलामागून मेल सांगत जातो: आधी त्या असं म्हणाल्या, मग मी असं म्हटलं, मग त्या पुन्हा. अण्णांना ही कथा नको असते. एकतीस मेलांत मुद्दे चारच होते: भाव, पॅकिंग, पैसे कधी आणि माल कधी. मी कोऱ्या कागदावर चार आडवे रकाने पाडतो आणि प्रत्येकात मुद्द्याचा शेवटचा शब्द लिहितो: कुणाचा, कितव्या मेलमध्ये. आधीची घासाघीस रकान्यात येत नाही. 3 डॉलर 75 सेंटपासून सुरुवात झाली होती हे अण्णांना आज सांगून उपयोग नाही.

पण शेवटचा शब्द म्हणजे ठरलेला शब्द नव्हे. प्रत्येक नोंदीपुढे मी तीनपैकी एक खूण करतो. दोघांनीही लेखी हो म्हटलं असेल तर ‘ठरलं’. एकाने मांडलंय आणि दुसरा बोललेला नाही, तर ‘मागणी’. एकाने हो म्हटलंय पण कशावर तरी अवलंबून, तर ‘अटीवर’. इथे इंग्रजी नीट वाचावी लागते, कारण व्यापारी इंग्रजीत होकारासारखे दिसणारे बरेच शब्द होकार नसतात.

‘नोटेड’ म्हणजे वाचलं, एवढंच. ‘वुई कॅन कन्सिडर’ म्हणजे विचार करू, आणि तो नाहीचाही असू शकतो. ‘वुई विल रिव्हर्ट’ भारतीय मेलमध्ये आलं तर कळवतो असा अर्थ. बाहेरचा माणूस सहसा त्या अर्थाने तो शब्द वापरत नाही, म्हणून तो कुणी लिहिला तेही बघायचं. ‘ॲज डिस्कस्ड’ दिसलं की थांबायचं. फोनवर बोलणं झालं असेल तर काय झालं ते आठवून लिहायचं, आणि झालंच नसेल तर लगेच विचारायचं, कारण महिन्याने हाच मेल दाखवून ‘आपलं ठरलं होतं’ असं म्हणतात. सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘सब्जेक्ट टू’. त्याच्या आधी जे लिहिलंय ते त्याच्या नंतरच्यावर टांगलेलं असतं. बाईंचा चौदावा मेल होता: 3 डॉलर 60 सेंट चालेल, सब्जेक्ट टू रिव्हाइज्ड पॅकिंग. मी पहिल्या वाचनात भावाच्या रकान्यात ‘ठरलं’ लिहून मोकळा झालो होतो. सोळाव्या मेलमधलं पॅकिंग वाचलं तेव्हा कळलं की हा भाव पत्र्याच्या डब्यासाठी नाहीच, हवा काढून नायट्रोजन भरलेल्या पाउचसाठी आहे. भाव आणि पॅकिंग हे दोन मुद्दे नव्हते, एकच होता.

कागद शेवटी असा झाला. भाव 3.60, मेल 14, पाउचच्या अटीवर. पॅकिंग, 25 पौंडांचे पाउच, मेल 16, त्यांची मागणी. पैसे, वेगळ्या धाग्यातला मेल, त्यांची मागणी, आणि आधी ठरलेल्याच्या विरुद्ध. तारीख, मेल 27 आणि फॉरवर्डरचा 29, मागणी.

तिसरी नोंद पुन्हा वाचा. आठव्या मेलमध्ये दोन्ही बाजूंनी लेखी ठरलं होतं: 30 टक्के आगाऊ, बाकी बी.एल.ची प्रत मिळाल्यावर. बी.एल. म्हणजे माल जहाजात चढल्याचा जहाज कंपनीचा कागद. अकाउंटवाल्याने नंतर अगदी सभ्य भाषेत, ‘आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे’ असं लिहून 20 टक्के आगाऊ आणि बाकी ‘पोच आणि तपासणीनंतर 15 दिवसांत’ करून टाकलं. कुठेही ‘बदल’ हा शब्द नाही, विषय सोडला तर. ठरलेलं जेव्हा मागणी होऊन परत येतं, तेव्हा निरोपाची सुरुवात तिथूनच करायची.

आकडे अण्णांच्या मापात

मेलमधला भाव पौंडाला डॉलरमध्ये आहे. अण्णांचं डोकं किलोला रुपयात चालतं. तुम्ही ‘3.60 डॉलर पौंड’ असंच पुढे ढकललंत तर अण्णा मान डोलावतील, पण त्यांनी हिशेब केलेला नसेल.

एका किलोत 2.2046 पौंड. म्हणजे 3.60 गुणिले 2.2046, किलोला 7.94 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर किलोला साधारण 714 रुपये. डॉलरचा दर त्या दिवशी बँकेला विचारून घ्यायचा आणि निरोपात ‘डॉलर अमुक धरून’ असं लिहायचं, नाहीतर पैसे जमा होताना दर हलला की अण्णांना वाटतं मी भाव खाली आणला. उलट बाजूने पडताळणी करायची: 150 खोकी, खोक्याला 50 पौंड, एकूण 7,500 पौंड. गुणिले 3.60 म्हणजे 27,000 डॉलर, म्हणजे 24 लाख 30 हजार रुपये. किलोत माल 3,402, गुणिले 714, तेही 24 लाख 29 हजारांवर येतं. दोन वाटांनी एकच आकडा आला की पुढे जायचं.

भावाबरोबर कुठपर्यंतचा भाव हेही लिहायचं. मेलमध्ये ‘एफओबी न्हावा शेवा’ होतं. अण्णांसाठी: जहाजात चढेपर्यंतचा खर्च आपला, समुद्राचं भाडं त्यांचं. हीच तीन अक्षरं ‘सीआयएफ’ झाली असती तर समुद्राचं भाडं आणि विमा आपल्या माथी आले असते आणि 714 रुपयांना काही अर्थ राहिला नसता.

आता तारीख. बाईंनी लिहिलं: ‘09/10 पसंत, उशिरात उशिरा 09/24.’ आपण 09/10 ला नऊ ऑक्टोबर वाचतो. अमेरिकेत आधी महिना येतो, म्हणून तो 10 सप्टेंबर. अंदाजावर जायचं नाही, पुरावा धाग्यातच असतो. त्याच माणसाने लिहिलेली अशी तारीख शोधायची ज्यात एक आकडा बारापेक्षा मोठा आहे. इथे 09/24 होताच. चोविसावा महिना नसतो, म्हणजे आधी महिना. असा पुरावा सापडला नाही तर महिन्याचं नाव लिहून विचारायचं. निरोपात मात्र आकड्यांची तारीख कधीच नाही. ‘10 सप्टेंबर, गुरुवार’ असं वारासकट लिहायचं. वार चुकला तर अण्णा भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून लगेच फोन करतात, आणि माझी चूक तिथेच सापडते.

‘शुक्रवारी दिवस संपेपर्यंत’ म्हणजे तिकडची संध्याकाळ. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास. त्यांचे शुक्रवारचे पाच म्हणजे आपले शनिवारी पहाटेचे अडीच. अण्णांना हे अडीच सांगायचे नाहीत. मला मेल लिहायला वेळ लागतो आणि संध्याकाळनंतर कारखान्यावर रेंज मिळेलच असं नाही. म्हणून त्यांना मी माझी मुदत देतो: शुक्रवार संध्याकाळी सात.

आणि शिपमेंट. या वेळी फॉरवर्डरच्या 29 व्या मेलवरून उलटं मोजत आलो. 10 सप्टेंबरच्या जहाजासाठी माल न्हावा शेवाच्या गोदामात 4 तारखेला हवा. गाडीला वाटेत एक दिवस, वर एक दिवस हाताशी. म्हणजे वेंगुर्ल्याहून गाडी 2 सप्टेंबरला सुटायला हवी. 24 सप्टेंबरच्या जहाजासाठी गोदामात 18 ला, गाडी 16 ला. अण्णांच्या कामाची तारीख ही आहे, गाडीची. जहाजाची नुसती माहिती.

इंग्रजी वाचणाऱ्याला 24 ची तारीख सोयीची वाटेल, दोन आठवडे जास्त मिळतात. पण 16 सप्टेंबर म्हणजे गणपतीचा तिसरा दिवस. सोलायला-निवडायला येणाऱ्या बायका त्या आठवड्यात येणार नाहीत, आणि गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना सरकार बंदी घालत आलंय. न्यू जर्सीच्या बाईंना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. अण्णांना सांगायची गरज नाही. मी फक्त गाडीची तारीख बरोबर द्यायची, पुढचं त्यांना दिसतं. निरोपात ‘शिपमेंट 24 सप्टेंबर’ एवढंच गेलं असतं तर त्यांनाही ते दिसलं नसतं.

लिहिणं

माझा पहिला खर्डा असा होता, आणि असे निरोप मी वर्षभर पाठवलेत:

> अण्णा, न्यू जर्सीवाल्यांचे बरेच मेल आले. भाव 3.60 ला फायनल झाला. ते पॅकिंगमध्ये थोडा बदल मागतायत. पेमेंटबद्दल त्यांच्या अकाउंटचं काही म्हणणं आहे, बघू. शिपमेंट सप्टेंबरमध्ये. बाकी सगळं ठीक. कळवा.

वाचायला गोड. पण ‘फायनल’ खोटं आहे, ‘थोडा बदल’मध्ये 300 पाउच लपलेत, ‘काही म्हणणं’मध्ये 19 लाख रुपये, आणि ‘कळवा’ म्हणजे नेमकं काय ते अण्णांना कळायला मार्ग नाही. मेल वाचताना मला जे अवघड वाटलं तिथेच माझी मराठी मऊ झाली आहे. हे ओळखायची सोपी खूण: ‘थोडा’, ‘काही’, ‘बाकी’, ‘वगैरे’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या जागी आकडा किंवा वस्तू घाला.

पाठवलेला निरोप हा:

> अण्णा, नमस्कार. न्यू जर्सीची ऑर्डर, 320 नंबर, 150 खोकी. तीन गोष्टींवर तुमचं हो किंवा नाही हवं, शुक्रवार 14 ऑगस्ट, संध्याकाळी 7 च्या आत. मी अजून कशालाच हो म्हटलेलं नाही.
>
> 1. पैसे. आधी ठरलं होतं: 30 टक्के आगाऊ, बाकी माल जहाजात चढल्याचा कागद दाखवल्यावर. आता ते बदलून मागतात: 20 टक्के आगाऊ म्हणजे 4 लाख 86 हजार, आणि उरलेले 19 लाख 44 हजार माल तिकडे पोचून तपासल्यावर 15 दिवसांत. जहाजाला 40 दिवस धरले तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा, कदाचित पुढे. चालेल का?
>
> 2. पॅकिंग. पत्र्याचा डबा नको, 25 पौंडांचे हवा काढून नायट्रोजन भरलेले पाउच हवेत. एकूण 300. आपल्या मशीनवर होतील का?
>
> 3. गाडी. दोनपैकी एक जहाज. पहिल्यासाठी गाडी वेंगुर्ल्याहून बुधवार 2 सप्टेंबरला सुटली पाहिजे. दुसऱ्यासाठी बुधवार 16 सप्टेंबरला. कुठलं धरू?
>
> भाव: पौंडाला 3 डॉलर 60, म्हणजे किलोला साधारण 714 रुपये, डॉलर 90 धरून. तुम्ही म्हणाला होतात 3 डॉलर 60 च्या खाली नको, तेवढा मिळतोय. पण हा भाव पाउचचा. डबा दिला तर भाव पुन्हा बोलावा लागेल. न्हावा शेवाला जहाजात चढेपर्यंतचा खर्च आपला.
>
> कळलेलं नाही: ते 15 दिवस माल पोचल्यापासून की तपासल्यापासून. आज विचारलंय.
>
> माझं मत वेगळं: पैशाच्या बदलाला हो म्हणू नये.

याच्या बांधणीबद्दल थोडं. पहिल्या ओळीत ऑर्डर कुठली आणि उत्तर केव्हा हवं ते आलं, कारण व्हॉट्सॲपच्या सूचनेत तेवढंच दिसतं आणि अण्णा हात धुऊन फोन घेईपर्यंत त्यांना तेवढं पुरतं. प्रश्न नंबर घालून, म्हणजे त्यांना ‘1 नाय, 2 होय’ एवढंही टाइप करता येतं. सर्वांत मोठी रक्कम वर. ‘मी अजून हो म्हटलेलं नाही’ हे वाक्य मी कधीच गाळत नाही. ते नसलं तर भागीदार असं धरून चालतो की ठरलंय आणि आपल्याला नुसतं कळवतायत.

‘15 दिवस कधीपासून’ हे मी मुद्दाम सोडवलं नाही. मूळ इंग्रजी दोन्ही अर्थांनी वाचता येत होती. मराठीत आणताना वाक्य नीट बसावं म्हणून एक अर्थ निवडायचा मोह होतो, आणि तो निवडला की संदिग्धता माझ्याकडेच संपते, अण्णांपर्यंत पोचतच नाही. मूळ धूसर असेल तर निरोपातही ते धूसरच दिसलं पाहिजे.

आणि माझं मत शेवटी, वेगळ्या ओळीत. आधी मी ते माहितीत मिसळायचो: ‘ते विनाकारण पैसे अडकवतायत’. मग गिऱ्हाईक काय म्हणालं आणि मी काय म्हणतो, हे अण्णांना वेगळं करता येत नसे.

गाळलं काय, तेही सांगतो. बाईंनी तिकडच्या दुसऱ्या पुरवठादाराचा भाव सांगितला होता. तो घासाघिशीचा भाग, गाळला. लेबलच्या अक्षरांच्या आकारावर सहा मेल होते. ते माझं काम, गाळलं. एका मेलमध्ये मागच्या खेपेतल्या तुकड्याबद्दल नाराजी होती. ती मी आधी गाळली होती, मग दुपारी वेगळ्या निरोपात पाठवली. आजच्या निर्णयाशी तिचा संबंध नाही, पण निवडीच्या टेबलावरची गोष्ट अण्णांपासून झाकायचा मला हक्क नाही.

पाठवण्याआधी उलटी तपासणी

निरोप समोर धरून फक्त आकडे आणि तारखांवर बोट ठेवायचं, आणि प्रत्येकाला विचारायचं: हा कितव्या मेलमधला? सुरुवातीला पेन्सिलीने घातलेले नंबर इथे कामाला येतात. आमच्या निरोपातला 40 दिवसांचा आकडा फॉरवर्डरच्या मेलमध्ये ‘35 ते 40’ होता. पैसे मोजताना उशिराचाच आकडा घ्यावा म्हणून तो ठेवला. बुधवार 2 सप्टेंबर कुठल्याच मेलमध्ये नाही, तो माझा हिशेब; म्हणून गाडीवाल्याला फोन करून वाटेचा वेळ पुन्हा विचारला.

मग निरोप मोठ्याने वाचायचा. ‘रिव्हाइज्ड टर्म्सनुसार’, ‘आपल्या संदर्भाधीन’ असं काही तोंडात अडकलं की ते अण्णांच्याही डोक्यात अडकणार. अडकणारा शब्द काढून त्याची वस्तू लिहायची.

काही कागदांना मात्र ही पद्धत लावायची नाही. करारावर सही करायची असेल, बँकेची हमी असेल किंवा गिऱ्हाइकाने नुकसानभरपाईचा दावा लावला असेल, तर सारांश पुरत नाही. तिथे कागद ओळीने मराठीत करून घ्यावा आणि अण्णांच्या शेजारी बसून वाचावा.

उत्तर परत इंग्रजीत

गुरुवारी दुपारी अण्णांचा बोललेला निरोप आला. ‘पहिला नाय. पाउच होतले, मशीन बरा आसा. गाडी दोन तारखेक सोडूया, गणपतीत माणसां खंय गावतली? पैशाचा बघूया.’

इथे परतीच्या वाटेवरची चूक होते. पहिल्याला ‘नाय’ आणि शेवटी ‘पैशाचा बघूया’. अण्णांचं ‘बघूया’ म्हणजे त्या बाईंचं ‘कन्सिडर’. ते मी ‘थोडं जुळवून घेऊ’ असं इंग्रजीत नेऊ शकत नाही आणि ‘साफ नाही’ असंही नाही. मी फोन लावला: ‘अण्णा, 30 टक्के आगाऊ आणि बाकी कागदावर, यातलं काहीच सोडायचं नाही, की आगाऊ 20 वर आलं तरी चालेल, बाकीचं मात्र कागदावरच?’ ते म्हणाले, आगाऊ कमी चालेल, पण माल तिकडे जाऊन बसल्यावर पैसे मागत फिरायचं नाही. म्हणजे ‘नाय’ तपासणीच्या अटीला होतं आणि ‘बघूया’ टक्केवारीला.

हे ऐकून मी त्यांना एका ओळीत परत लिहिलं: ‘असं कळवतो: पाउच हो. गाडी 2 सप्टेंबरला, जहाज 10 चं. आगाऊ 20 टक्के चालेल, पण बाकी सगळे बी.एल.च्या प्रतीवर, तपासणीनंतर नाही. बरोबर?’ त्यांचा अंगठा आला. मग इंग्रजी मेल लिहिला, चार ओळींचा, तारखा महिन्याच्या नावासकट, आणि अकाउंटवाल्याच्या वेगळ्या धाग्यातही तोच पाठवला, कारण तिथे उत्तर नसतं तर त्याची अट तशीच उभी राहिली असती. पाठवलेल्या मेलची तारीख, वेळ आणि अण्णांच्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट ऑर्डरच्या फोल्डरमध्ये ठेवला.

शनिवारी सकाळी बाईंचं उत्तर आलेलं होतं. वर एकच शब्द: ‘नोटेड’. खाली तीन ठिपके होते. ते उघडले.